विश्लेषण : लाईट असतानाही इन्व्हर्टर बॅटरीवर का जातो? दोष पुरवठ्याचा, घराचा की यंत्राचा?

संध्याकाळचे साडेसात. घरात बल्ब लागलेला आहे, शेजाऱ्याकडे टीव्ही सुरू आहे, म्हणजे लाईट आहे. तरीही कोपऱ्यातला इन्व्हर्टर 'बीप बीप' करतो, आतून 'टक' असा आवाज येतो आणि घर बॅटरीवर जाते. दोन मिनिटांनी तो पुन्हा मेनवर येतो, थोड्या वेळाने पुन्हा बॅटरीवर. वाशीम जिल्ह्यात रिसोड, मालेगाव, मानोरा किंवा मंगरूळपीरकडच्या गावांत रब्बीचे दिवस सुरू झाले की हा प्रकार नवा राहत नाही.

तक्रार केली तर दोन उत्तरे मिळतात. इन्व्हर्टरवाला म्हणतो, 'तुमच्याकडे लाईटच कमी येते.' लाईनमन म्हणतो, 'लाईट बरोबर आहे, तुमचा इन्व्हर्टर खराब आहे.' मधल्या मध्ये ग्राहक चांगली बॅटरी बदलून बसतो किंवा बीपचा आवाज अंगवळणी पाडून घेतो. दोन्ही महागात पडू शकते. कारण या बीपमागे कधी गावाच्या डीपीवरचा बिघाड असतो, तर कधी घराच्याच भिंतीत तापत असलेला एखादा ढिला जोड. यातले नेमके काय आहे, हे ओळखता येते. त्यासाठी इन्व्हर्टर काय पाहतो, हे आधी समजून घ्यावे लागेल.

इन्व्हर्टरच्या लेखी 'लाईट आहे' म्हणजे काय?

आपल्या लेखी बल्ब लागला म्हणजे लाईट आली. इन्व्हर्टर बल्ब पाहत नाही. त्याच्या प्लगमध्ये किती व्होल्टेज येते, हे तो सतत मोजत असतो. ते ठरलेल्या मर्यादेत असेल तरच मेनची वीज घराला देतो आणि त्याच वेळी बॅटरी चार्ज करतो. मर्यादेच्या खाली किंवा वर गेले की त्याच्या दृष्टीने लाईट गेलेली असते. मग तो आतला रिले पाडतो (तोच 'टक' आवाज), घर बॅटरीवर घेतो आणि बीप देऊन कळवतो.

ही मर्यादा किती? घरगुती इन्व्हर्टरवर बहुधा दोन मोड असतात. यूपीएस मोडमध्ये साधारण 180 ते 260 व्होल्ट एवढीच वीज तो स्वीकारतो. इको किंवा नॉर्मल मोडमध्ये ही मर्यादा सैल होते, साधारण 100 ते 290 व्होल्ट. कंपनीनुसार आकडे थोडे मागेपुढे होतात, तुमच्या यंत्राचे आकडे त्याच्या पुस्तिकेत असतात. पण यूपीएस मोडवर असलेला इन्व्हर्टर 180 च्या खाली मेन सोडतो, हे गृहीत धरून पुढचा सगळा हिशोब समजतो.

बॅटरी उतरली किंवा लोड जास्त झाला तरी इन्व्हर्टर बीप करतो. त्या वेळी पॅनलवर वेगळा दिवा लागतो किंवा डिस्प्लेवर तसा इशारा येतो. आपण इथे बोलतोय ते मेनचा दिवा विझण्याबद्दल, मेन आलेली दिसत असताना.

मग बल्ब एवढा झक्क कसा जळतो?

पूर्वी घरात साठ किंवा शंभराचा पिवळा बल्ब असायचा. व्होल्टेज उतरले की तो लगेच लालसर, मिणमिणता व्हायचा. मीटर नसले तरी 'आज लाईट डिम आहे' हे लहान मुलालाही कळायचे. तो बल्ब नकळत घरातला व्होल्टमीटरच होता.

आता त्याची जागा एलईडीने घेतली आहे. चांगल्या एलईडी बल्बच्या आत एक छोटे सर्किट असते. बाहेर 230 व्होल्ट असोत की 150, ते आतल्या दिव्याला लागणारा करंट सारखाच ठेवते. त्यामुळे उजेड कमी होत नाही. मोबाईलचा चार्जर आणि बरेचसे टीव्हीही असेच 100 ते 240 व्होल्टवर निमूट चालतात. म्हणजे कमी व्होल्टेज गेलेले नाही, ते दिसेनासे झाले आहे. ज्या घरात सगळे दिवे एलईडीचे आहेत, तिथे कमी व्होल्टेज सांगणाऱ्या दोनच गोष्टी उरतात : मंद फिरणारा पंखा आणि बीप करणारा इन्व्हर्टर.

टेस्टरवरही भिस्त ठेवता येत नाही. टेस्टरमधला छोटा दिवा फक्त एवढेच सांगतो की या तारेत फेज आहे. फेजवर 230 व्होल्ट आहेत की 140, हे तो सांगत नाही. न्यूट्रल तुटलेला असेल तरी टेस्टर लागतोच. 'टेस्टर लागतो पण पंखा फिरत नाही' ही तक्रार त्यातूनच येते. तेव्हा बल्ब आणि टेस्टर, दोघांच्या साक्षीवर इन्व्हर्टरला खोटे ठरवता येत नाही.

वाशीमसारख्या जिल्ह्यात व्होल्टेज नेमके केव्हा आणि का उतरते?

वाशीम, अकोला आणि बुलडाणा हे तीन जिल्हे महावितरणच्या अकोला परिमंडळात येतात. गावात वीज कशी पोहोचते ते पाहा. 33 केव्हीची लाईन उपकेंद्रात येते. तिथला ट्रान्सफॉर्मर ती 11 केव्हीवर आणतो. तिथून वेगवेगळे फीडर निघतात, काही गावठाणासाठी, काही शेतीपंपांसाठी. गावाजवळच्या डीपीवर 11 केव्हीचे 400 व्होल्ट होतात, म्हणजे एका फेजला 230. आणि डीपीपासून खांबाखांबाने ती तुमच्या मीटरपर्यंत येते.

या वाटेवर प्रत्येक ठिकाणी थोडे व्होल्टेज खर्च होते. तारेतून जितका करंट जास्त आणि तार जितकी लांब, तितकी घट मोठी. म्हणून डीपीजवळच्या घरात 225 व्होल्ट असताना त्याच लाईनच्या शेवटच्या खांबावर 190 दिसू शकतात. दोन्ही घरांत बल्ब सारखेच लागतात, पण व्होल्टेज आणखी थोडे उतरले की बीप आधी शेवटच्या घरात वाजते.

आता यात हंगाम आणा. सोयाबीन निघाल्यावर हरभरा आणि गव्हाला पाणी द्यायची वेळ येते. शेतीपंपांना थ्री फेज वीज ठरावीक तासांसाठी, कधी दिवसा तर कधी रात्री, अशा वेळापत्रकाने मिळते. ती आली की पंप एकदम सुरू होतात. त्यातच अनेक पंपांना ऑटोस्विच बसवलेले असतात. शेतकरी शेतात नसला तरी वीज येताच पंप आपोआप सुरू होतो. मोटार सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की पूर्ण फीडरचे व्होल्टेज गडगडते. ऑटोस्विच काढा आणि पंपाला कॅपॅसिटर बसवा, असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे करते, ते याचसाठी.

'पण आमचा गावठाण फीडर तर वेगळा आहे,' असे कुणी म्हणेल. फीडर वेगळे असले तरी दोन्ही एकाच उपकेंद्रातल्या ट्रान्सफॉर्मरवरून निघालेले असू शकतात. शेतीचा भार वाढला की मुळाशीच व्होल्टेज उतरते आणि त्याची झळ गावठाणालाही लागते. शेतवस्तीवर राहणाऱ्यांची घरे तर बहुधा शेतीच्याच लाईनवर असतात.

यातून ओळखण्याची एक सोपी खूण मिळते. आठ दिवस इन्व्हर्टर कधी बीप करतो, त्या वेळा कागदावर लिहा. त्या वेळा शेतीच्या थ्री फेजच्या वेळापत्रकाशी जुळल्या, किंवा रोज संध्याकाळी सहा ते दहाच्या दरम्यानच आल्या, तर संशयाची सुई पुरवठ्याकडे जाते. वेळ कुठलीही असो, पहाटे चारलाही बीप होत असेल, तर शोध घरापासून सुरू करावा.

निम्म्या गावात लाईट, निम्म्यात 'अर्धी लाईट' हे काय असते?

पुरवठ्यातल्या बिघाडाचा आणखी एक प्रकार खेड्यात नेहमीचा आहे. डीपीच्या वरच्या बाजूला 11 केव्हीच्या तीन तारांवर तीन फ्यूज असतात, त्यांना लाईनमन 'डीओ' म्हणतात. वाऱ्यात फांदी लागली किंवा पक्षी अडकला की त्यातला एखादा उडतो. सामान्य माणसाला वाटते, तीनपैकी एक गेला म्हणजे एक तृतीयांश गाव अंधारात जाईल. तसे होत नाही.

डीपीच्या ट्रान्सफॉर्मरची वरच्या दाबाची वेटोळी त्रिकोणात जोडलेली असतात. एक तार तुटली की उरलेल्या दोन तारांमध्ये एक वेटोळे पूर्ण व्होल्टेजवर राहते. बाकीची दोन एकामागे एक जोडल्यासारखी होतात आणि तेच व्होल्टेज आपसात वाटून घेतात. परिणाम असा की गावातल्या एका फेजवर पूर्ण 230 व्होल्ट येतात आणि उरलेल्या दोन फेजवर साधारण निम्मे, 115 च्या आसपास.

या 115 व्होल्टवर बरेच एलईडी बल्ब लागतात, टेस्टर पेटतो, मोबाईल चार्ज होतो. पंखा मात्र रेंगाळतो. यूपीएस मोडवरचा इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो आणि पुन्हा मेनवर येतच नाही. समोरच्या गल्लीत मात्र सगळे सुरळीत असते, कारण ती गल्ली तिसऱ्या फेजवर आहे. अशा वेळी इन्व्हर्टर पूर्णपणे बरोबर असतो. त्या क्षणी पहिले काम म्हणजे इन्व्हर्टरवर नसलेला फ्रिज आणि पाण्याची मोटार बंद करणे. अर्ध्या व्होल्टेजवर मोटार सुरू होऊ शकत नाही, ती फक्त गुरगुरते, करंट ओढत राहते आणि तापून जळते.

मेन आणि बॅटरी अशी सारखी ये-जा का होते?

बीपचा सगळ्यात चिडवणारा प्रकार हाच. इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, मिनिटाभरात परत येतो, पुन्हा जातो. यात यंत्र वेडे झाल्यासारखे वाटते. पण यामागे साधा हिशोब असतो. एक उदाहरण घेऊन तो करून पाहू.

समजा, लाईनच्या शेवटच्या टोकाला एक घर आहे. संध्याकाळी तिथे मीटरवर 193 व्होल्ट येतात. मीटरपासून इन्व्हर्टरच्या सॉकेटपर्यंत वीस मीटर तार आहे आणि मध्ये एका स्विचबोर्डात जोड ढिला झाला आहे. तांब्याच्या तारेवर काळपट थर चढला आहे, स्क्रू नीट आवळलेला नाही. या जोडाचा रोध 4 ओहम धरू.

इन्व्हर्टर मेनवर असतो तेव्हा त्या तारेतून दोन गोष्टींसाठी करंट जातो : घरातले पंखे, दिवे, टीव्ही आणि बॅटरीचे चार्जिंग. दोन्ही मिळून 4 अँपिअर धरा. मीटरवर लोडमुळे 192 व्होल्ट उरले. त्या ढिल्या जोडावर 4 अँपिअर गुणिले 4 ओहम, म्हणजे 16 व्होल्ट खर्च झाले. सॉकेटवर उरले 176. इन्व्हर्टरची खालची मर्यादा 180 आहे. तो मेन सोडतो, बीप करतो, बॅटरीवर जातो.

बॅटरीवर जाताच त्या तारेतला 4 अँपिअरचा करंट जवळपास शून्य होतो. करंट नाही, तर जोडावर घटही नाही. सॉकेटवरचे व्होल्टेज पुन्हा 193 होते. इन्व्हर्टरला वाटते, लाईट आली. तो थोडा वेळ थांबून खात्री करतो आणि मेनवर परततो. परतताच करंट सुरू, घट सुरू, व्होल्टेज 176, आणि पुन्हा बॅटरी. हे चक्र रात्रभर चालू शकते.

म्हणजे इथे इन्व्हर्टर मेनवर आल्यामुळेच मेन पडते. म्हणूनच मेकॅनिक दुपारी येऊन, इन्व्हर्टर बंद असताना सॉकेट तपासतो तेव्हा त्याला सगळे ठीक दिसते. दुपारी मीटरवर 225 असतील तर जोडावर 16 व्होल्ट खाऊनही 209 उरतात आणि बीप होत नाही. तोच जोड, तीच तार, फक्त वेळ वेगळी.

या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आवाजापेक्षा गंभीर आहे. जोडावर खर्च झालेले 16 व्होल्ट कुठे गेले? त्यांची उष्णता झाली. 16 व्होल्ट गुणिले 4 अँपिअर म्हणजे 64 वॅट. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंगची छोटी इस्त्री 25 वॅटची असते, आणि तिच्यावर कथील वितळते. इथे त्याच्या अडीच पट उष्णता भिंतीतल्या बंद प्लास्टिकच्या बोर्डात तयार होते आहे. बोर्डाच्या आगी अशाच ढिल्या जोडांतून लागतात. त्या घरात बीप हा त्या जोडाचा आधी मिळालेला इशारा होता.

मग दोष कुठे आहे, हे घरच्या घरी कसे ओळखायचे?

त्यासाठी फार काही लागत नाही. प्लगमध्ये बसवायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. अनेक नव्या वीजमीटरच्या सरकत्या डिस्प्लेवर V अक्षरासोबत एक आकडा येतो, तो मीटरवरचे व्होल्टेजच असते. मल्टीमीटर वापरण्याची सवय नसेल तर उघड्या तारांना स्वतः हात लावू नका, वायरमनला बोलवा. पण त्याला बीप होत असते त्याच वेळी बोलवा, कारण दुपारचे मोजमाप इथे कामाचे नाही.

तीन आकडे हवेत. पहिला, बीप होत असताना वीजमीटरवरचे व्होल्टेज. दुसरा, इन्व्हर्टर मेनवर असताना, म्हणजे लोड आणि चार्जिंग सुरू असताना, त्याच बोर्डावरच्या शेजारच्या सॉकेटमधले व्होल्टेज. तिसरा, इन्व्हर्टर बॅटरीवर गेल्यावर त्याच सॉकेटमधले व्होल्टेज.

मीटरवरच 180 च्या खाली आकडा येत असेल, तर घरातले वायरिंग आणि इन्व्हर्टर दोघेही सुटले. दोष मीटरच्या पलीकडे आहे : सर्व्हिस वायर, खांबावरचा जोड, डीपी किंवा फीडर. शेजारच्या दोन-तीन घरांत विचारा. सगळ्यांकडे कमी असेल तर लाईन किंवा डीपी, फक्त तुमच्याकडे असेल तर तुमची सर्व्हिस वायर किंवा तुमच्यासाठीचा खांबावरचा जोड.

मीटरवर व्होल्टेज बरे आहे, पण इन्व्हर्टर मेनवर येताच सॉकेटवरचा आकडा धाडकन पडतो आणि बॅटरीवर जाताच वर येतो, तर दोष घराच्या वायरिंगमध्ये आहे. चांगल्या अवस्थेतल्या दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत, वीस मीटर अंतरात, 4 अँपिअरला जेमतेम 2 व्होल्ट घट होते. ती 10-15 व्होल्ट निघाली तर मध्ये कुठेतरी जोड ढिला किंवा जळका आहे. मेन बंद करून इन्व्हर्टरचा प्लग काढून पाहा. पिना तापलेल्या, सॉकेट पिवळे-तपकिरी झालेले किंवा जळकट वास येत असेल तर सॉकेट बदलायचे, फक्त स्क्रू आवळून भागवायचे नाही.

आणि मीटरवरही 220, सॉकेटवरही 218, आकडा जराही हलत नाही, तरीही इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, तेव्हाच इन्व्हर्टरवर संशय घ्यावा. त्यातही आधी मागच्या बाजूचा इनपुट फ्यूज किंवा दाबून पूर्ववत होणारे बटण पाहा. ते उडाले असेल तर इन्व्हर्टरला मेन मिळतच नाही आणि घरात बाकी सगळीकडे लाईट असते. ते ठीक असेल तर रिले किंवा व्होल्टेज मोजणारे आतले सर्किट बिघडलेले असू शकते. रिलेत मुंग्या आणि धूळ शिरणे हे खेड्यात वेगळे सांगायला नको. हे काम दुरुस्तीवाल्याचे आहे, पण आता तुम्ही त्याला आकडे दाखवू शकता.

एक अपवाद सोलर इन्व्हर्टरचा. छतावर पॅनल असलेल्या काही यंत्रांत 'आधी सोलर, मग बॅटरी, शेवटी मेन' असे सेटिंग असते. असे यंत्र मेन उत्तम असतानाही मुद्दाम बॅटरीवर चालते. तो बिघाड नाही, सेटिंग आहे.

कोणत्या लक्षणाला अजिबात थांबायचे नाही?

न्यूट्रलच्या बिघाडाला. घरात येणाऱ्या दोन तारांपैकी न्यूट्रल ही परतीची तार. ती डीपीवर किंवा खांबावर तुटली किंवा ढिली झाली की वेगवेगळ्या फेजवरची घरे 400 व्होल्टवर एकामागे एक जोडल्यासारखी होतात. ज्या घरात लोड कमी, तिथे व्होल्टेज 300 च्या वर जाऊ शकते. ज्या घरात लोड जास्त, तिथे ते 100 पर्यंत उतरते.

याची खूण अशी : पंख्याचा वेग आपोआप वाढतो आणि कमी होतो, शेजारी कुणी मोटार किंवा गिझर लावला की तुमचे दिवे जास्त तेजाळतात, इन्व्हर्टर कधी कमी तर कधी जास्त व्होल्टेजचा इशारा देतो. इथे इन्व्हर्टर बॅटरीवर गेला म्हणून त्यावरची उपकरणे वाचतात. पण इन्व्हर्टरवर नसलेला फ्रिज, कूलर, मोटार थेट लाईनवर असतात. आकडे लिहीत बसू नका. घराचा मेन स्विच पाडा, शेजाऱ्यांना सांगा आणि महावितरणला कळवा. डीपीवर किंवा खांबावर स्वतः चढणे, काठीने तार हलवणे हे जिवावर बेतते. ते काम फक्त लाईनमनचे.

इको मोडचे बटण दाबले की बीप थांबते. मग तेच करावे का?

दुकानदार अनेकदा हाच उपाय सुचवतो आणि बीप खरेच थांबते. इको मोडमध्ये खालची मर्यादा 100 व्होल्टपर्यंत येते, म्हणून 176 व्होल्टलाही इन्व्हर्टर मेनवरच राहतो. पण त्याने व्होल्टेज वाढलेले नसते. इन्व्हर्टर मेनवर असताना लाईनची वीज जशी येते तशीच पुढे देतो. 176 आले तर पंख्याला 176 मिळतात, 115 आले तर 115.

ज्या घरात इन्व्हर्टरवर फक्त दिवे, पंखे आणि टीव्ही आहेत आणि वर सांगितलेल्या मोजणीत दोष पुरवठ्याचा निघाला आहे, तिथे इको मोड हा रास्त मार्ग आहे. त्याचा बॅटरीला फायदाही होतो. रोज संध्याकाळी चार तास विनाकारण बॅटरीवर घर चालले, तर ती रोज उतरते आणि पूर्ण भरायला वेळ मिळत नाही. लेड अॅसिड बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिली की तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि तिची क्षमता कायमची घटते. 'बॅटरी दोन वर्षांतच गेली' या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते.

मात्र इन्व्हर्टरवर संगणक असेल तर इको मोडमध्ये बॅटरीवर जाण्यास जरा जास्त वेळ लागतो, तेवढ्यात संगणक बंद पडू शकतो. फ्रिज असेल तर कमी व्होल्टेज कॉम्प्रेसरला घातक आहे. आणि दोष घरातल्या ढिल्या जोडाचा असेल तर इको मोड सर्वात वाईट. कारण बीप थांबते, पण त्या जोडातून करंट आता अखंड जात राहतो आणि तो रात्रभर तापतो. म्हणून क्रम असा हवा : आधी मोजणी, मग दुरुस्ती, शेवटी बटण.

दोष पुरवठ्याचा निघाला, तर नियम काय सांगतो?

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे वीज पुरवठा संहिता आणि कृती मानकांचे विनियम 2021 मध्ये आले. त्यांनुसार घरगुती, म्हणजे लघुदाब ग्राहकाला मिळणाऱ्या व्होल्टेजमध्ये ठरलेल्या पातळीपेक्षा 6 टक्क्यांहून जास्त फरक पडता कामा नये. 230 चे 6 टक्के म्हणजे जवळपास 14. म्हणजे साधारण 216 ते 244 व्होल्ट हा तुमचा हक्क.

आता हा आकडा इन्व्हर्टरच्या आकड्याशेजारी ठेवा. नियमाची खालची मर्यादा 216 आहे, इन्व्हर्टरची 180. म्हणजे 216 ते 180 या टप्प्यात पुरवठा नियमापेक्षा कमी असूनही इन्व्हर्टर गप्प बसतो. मीटरवर 180 च्या खाली गेल्याने तो बोलतो, तेव्हा पुरवठा नियमाच्या फार खाली गेलेला असतो. 'इन्व्हर्टर फार नाजूक आहे' हे उत्तर इथे टिकत नाही.

वरच्या उदाहरणातल्या घराचेही हेच. तिथे ढिला जोड बदलला की सॉकेटवर 190 च्या आसपास व्होल्ट येतील आणि बीप थांबेल. पण मीटरवरचे 193 हे तरीही 216 पेक्षा कमीच आहेत. म्हणजे त्या घरात इन्व्हर्टरवाला आणि लाईनमन यांच्यापैकी एकाचेच म्हणणे खरे नव्हते. अर्धा दोष घराचा होता, अर्धा पुरवठ्याचा, आणि इन्व्हर्टरचा काहीच नव्हता.

तक्रार महावितरणच्या 1912 किंवा 1800-212-3435 या टोल फ्री क्रमांकावर करता येते. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. 'लाईट कमी येते' एवढेच सांगितले तर लाईनमन दुपारी येऊन बल्ब पाहून जातो. त्याऐवजी तारीख, वेळ आणि मीटरवरचा आकडा द्या : अमुक दिवशी संध्याकाळी 7.40 ला 176, दुसऱ्या दिवशी 8.10 ला 172. मीटरच्या डिस्प्लेचा फोटो काढला तर उत्तमच. एकाच लाईनवरच्या चार-पाच घरांनी आपापले ग्राहक क्रमांक देऊन अशी नोंद केली, तर ते एका घराचे गाऱ्हाणे राहत नाही. त्या डीपीवरचा भार, तारेची लांबी किंवा तीन फेजवर विभागलेल्या घरांचा असमतोल तपासणे भाग पडते. तरीही दाद मिळाली नाही, तर वीज ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्यानंतर विदर्भासाठी नागपूरचे विद्युत लोकपाल.

शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्यासाठी राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 राबवली जात आहे. गावातले जे पंप दिवसाच्या सौर विजेवर येतील, त्यांचा संध्याकाळचा आणि रात्रीचा भार गावठाणाच्या वाट्याला येणार नाही. त्या फीडरवर संध्याकाळचे बीप कमी व्हायला हवेत. पण लाईनच्या टोकाची लांब तार, डीपीवरचा उडालेला डीओ आणि भिंतीतला ढिला जोड यांवर या योजनेचा काही परिणाम होत नाही. त्यांच्यासाठी तीन आकडे मोजण्याला पर्याय नाही.